कालचं काम आजच्या यादीत

कळंबजवळच्या दूध प्रकल्पात मी मेंटेनन्सच्या टेबलावर रुजू झाले, तेव्हा कामांचा फळा नुकताच पुसला गेला होता. आधी त्या फळ्यावर खडूने कामं लिहायचे. आता वर्कशॉपच्या भिंतीवर एक टॅबलेट होता आणि त्यात सगळ्या प्लांटची कामं होती. बॉयलर, पॅकिंग मशीन, पंप, पुढच्या तीन महिन्यांची तपासणी, सगळं एका लांबलचक यादीत. सकाळी सातला पहिली शिफ्ट आली की फिटर बोटाने यादी वर सरकवत राहायचे.

त्या शिफ्टचे मुख्य फिटर पन्नाशीतले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांचे भाऊ अजून मेंढ्या राखतात, हे एकटेच कारखान्यात आले. एकदा टॅबलेट माझ्यापुढे धरून म्हणाले, "ताई, ह्यात माझं काम कुठलं? पॅकिंगवाल्यांचं मला कशाला दावता?"

त्यांचं बरोबर होतं. मी दोन दिवस बसून यादीला फिल्टर लावले, म्हणजे काय दिसावं याच्या अटी. विभाग रेफ्रिजरेशन, शिफ्ट पहिली, तारीख आजची, काम पूर्ण न झालेलं. सगळ्यात तातडीचं वर. ते 'पहिली शिफ्ट, आज' या नावाने सेव्ह केलं आणि खुशीत घरी गेले. सकाळी टॅबलेटवर तीच जुनी यादी! यादीचा तो व्ह्यू मी फक्त माझ्या लॉगिनपुरता सेव्ह केला होता. तो सगळ्या विभागाला दिसेल असा केला, टॅबलेट उघडताच तोच समोर येईल असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम सातच्या आधी पोचले.

काकांनी स्क्रीनला हात लावला. दोनशेच्या वर ओळी होत्या, तिथे सहा आल्या. शेजारचा वेल्डर "आरारा!" म्हणाला.  एवढा पसारा माझ्या चार अटींनी बाजूला सरला होता.

 काकांनी मात्र सहाही ओळी वाचल्या, परत वर गेले, परत वाचल्या.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

"काका, आजची सगळी आहेत. मी तपासलंय."

"आजची असतील. काल दुपारच्या पाळीला दोन नंबरच्या कॉम्प्रेसरचं तेल बघायचं व्हतं. त्यांची लाईट गेली, ते ऱ्हायलं. जाताना कुणाला बोलले न्हाईत, पण आत्ता येताना बघितलं, कॉम्प्रेसरपाशी तेलाचा कॅन सील न तोडता तसाच हाय."

मी माझ्या कॉम्प्युटरवर पूर्ण यादी उघडली. काम होतं. तारीख कालची, शिफ्ट दुसरी, स्थिती 'बाकी'. माझ्या दोन अटींनी ते दोनदा झाकलं होतं. उद्याही दिसलं नसतं, परवाही नाही. जितकं जुनं होईल तितकं ते कुणाच्याच नजरेला पडणार नव्हतं.

काका तोवर कॉम्प्रेसरकडे निघालेही होते. मी मागून गेले. कॉम्प्रेसरच्या काचेच्या गोल खिडकीत तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. मशीन अजून सुरू व्हायचं होतं. थोड्या वेळात घोडेगावकडचे दुधाचे टँकर लागणार होते आणि मशीन मधेच बंद पडलं असतं तर सगळं दूध गार करायचं अडलं असतं. काकांनी तेल भरलं, गळती कुठे आहे ते बोट फिरवून पाहिलं, एक नट आवळला. मग हात पुसत म्हणाले, "आता लावा चालू."

माझा चेहरा पडला होता. ते म्हणाले, "तुमचं काम लई चांगलं हाय, ताई. फकस्त मागं ऱ्हायलेलं पन दावायला सांगा त्याला."

तिथेच स्टुलावर बसून मी फिल्टर बदलला. आजची पहिल्या शिफ्टची कामं, किंवा आजच्या आधीची कुठल्याही शिफ्टची राहिलेली. हा 'किंवा' कुठे बसवायचा हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन वेगळे गट करावे लागले आणि विभागाची व 'पूर्ण नाही' ही अट दोन्हींना लागू ठेवावी लागली. जुनी कामं लाल रंगात, सगळ्यात वर. सेव्ह केल्यावर यादीत आठ ओळी आल्या. तेलाचं काम होतंच, कारण ते झाल्याची नोंद अजून केली नव्हती; शिवाय एका पंपाची गळती, जी दहा दिवस तशीच पडून होती. ती मलाही माहीत नव्हती आणि काकांनाही.

त्यांनी त्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "हे मला बी ठावं नव्हतं," हळूच म्हणाले.

 मग त्यांनी पाना उचलला आणि पंपाकडे गेले.