आपली दखल घेण्यात येईल

एका तोंडात चार माणसं घेऊन फिरणारा गृहस्थ अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर यावा, हे माझं नशीब! आमच्या कचेरीचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. सक्करदऱ्याच्या घरातून निघताना ते बायकोला ओरडत, "अवं, माहा रुमाल कुठी ठेवला? मले उशीर होऊन राहिला ना!" वाटेत पानठेल्यावर, "भैया, एक पान लगाना, चूना कम." आणि कचेरीची पायरी चढले, की त्यांच्या वाक्यातून माणूसच हद्दपार होई. कोणी काही करायचंच नाही, सगळं आपोआप 'करण्यात येई'. शिपायानं पाणी ठेवलं नाही, तर "पाणी अद्याप पुरविण्यात आलेले नाही." कारभार मराठीत आला तेव्हा आम्ही 'फाईल'च म्हणत राहिलो, हे दुसऱ्या दिवशीपासून 'नस्ती' म्हणू लागले. सभेत उभे राहिले की चौथा माणूस बोले. "आजच्या या मंगल प्रसंगी"पासून जी संस्कृत शब्दांची धार लागे, ती चहा पार गार झाल्यावर आटे. साध्या बदलीच्या निरोपालाही ते 'वियोगाचा दारुण क्षण' म्हणत.

ढोंगी म्हणाल, तर मुळीच नव्हते. दारात चप्पल काढावी इतक्या सहज ते भाषा बदलत, आपण बदलली हे त्यांना ठाऊकही नसे. तिथंच तर घात झाला.

त्यांची आई हातमागावर आयुष्य काढलेली बाई. एकदा हे डबा विसरले म्हणून ती भर उन्हात पायी कचेरीत आली. नेमके साहेब बडे बाबूंच्या टेबलाशी उभे. म्हातारी दारातूनच म्हणाली, "काहून गा, उपाशी राहतं का आज?" बडे बाबूंनी मान वर केली आणि जन्मदात्या आईला म्हणाले, "आपण बाहेर बसावे. आपली दखल घेण्यात येईल."

दखल! अहो, ज्या माउलीनं याला पोटात वागवलं, तिची दखल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब गालात हसले, त्यांचाही मला राग आला. म्हातारीनं डबा खाली ठेवला आणि ती निघून गेली. बडे बाबू मला विचारतात, "काय झाले?" काय झाले म्हणे! मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला.

त्या दिवसापासून म्हातारीनं त्यांना 'काहून गा' म्हणणं, 'अरे-तुरे' करणं टाकलं. "साहेब, आपण जेवून राहिले का?" "साहेब, आपल्याले भात वाढू का?" तिची आदराची भाषा तेवढीच, पण तेवढी पुरे होती. बडे बाबूंनी पाय धरले. "चुकलं माय! तोंडातून निघून गेलं." तर म्हणते, "आपण काहून चुकाल साहेब?" नातवंडांना 'अरे', गल्लीतल्या कुत्र्यालाही 'अरे', आणि पोटच्या पोराला 'आपण'! माणूस वाळत चालला. मी मनात म्हटलं, भोगा! पण जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

दिवाळी गेली, होळी आली, आणि त्याच साहेबांचा निरोप समारंभ निघाला. सहकुटुंब आमंत्रण होतं. भाषण अर्थातच बडे बाबूंचं. "आदरणीय साहेबांच्या वियोगाने आमची अंतःकरणे विदीर्ण..." इथवर आले आणि थांबले. सून म्हातारीला घेऊन आली होती. खुर्च्या भरलेल्या, एकही पठ्ठ्या उठायला तयार नाही, आणि म्हातारी भिंतीला टेकून उभी. माईकमधून आवाज आला,

"माय! तू उभी काहून आहे वं? इकडं ये, माह्या खुर्चीवर बस!"

सभागृह खो खो हसलं. व्यासपीठावरचे नवे साहेब कपाळाला आठ्या घालून बघू लागले. हसणाऱ्यांच्या एकेक मुस्कटात द्यावी असं मला वाटलं. बडे बाबू खाली उतरले आणि हाताला धरून आईला वर घेऊन आले. ती निरोपाच्या साहेबांच्या शेजारी ऐसपैस बसली, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता रडून काहून राहिला गा? बोल ना तुहं भाषण. साहेबाले गाडी पकडाची असंन!"

मग अंतःकरणं पुन्हा विदीर्ण झाली आणि चहा गार होईपर्यंत होत राहिली. त्या दिवशी मला त्या भाषणाचा कंटाळा आला नाही.

म्हातारीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बडे बाबू निवृत्त झाले. बायको 'अहो' म्हणते, सुना 'बाबा' म्हणतात, लोक अजून 'बडे बाबू'च म्हणतात. परवा भेटायला गेलो, तर मला म्हणाले, "एकदा मले 'काहून गा' म्हणून पाह्य ना." मी वयानं लहान. तोंड उघडलं, पण जीभ काही रेटेना. "अहो, असं कसं म्हणू?" एवढंच म्हणालो.