बाजू न घेणाऱ्या सिस्टर

सिस्टरांना त्यांच्या नावानं हाक मारणारं माणूस आता फारसं कुणी उरलं नव्हतं. हाडांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढल्यावर रुग्ण त्यांना सिस्टर म्हणत, डॉक्टर सिस्टर म्हणत, कोपऱ्यावरचा चहावालाही सिस्टरच म्हणे. घरी लेकीचं डोकं फिरलं की तीसुद्धा कमरेवर हात ठेवून म्हणायची, "अहो सिस्टर, जरा आमच्याकडेही राउंड घ्या!"

आता गुडघे बोलायला लागले होते. एका ड्यूटीत वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती चकरा होतात, ते पायांनाच विचारावं. वॉर्डप्रमुख झालं तर खुर्ची मिळणार होती, टेबल मिळणार होतं आणि ठरलेल्या वेळी घरी जाता येणार होतं. पण त्यासाठी खात्याची परीक्षा पास व्हायला हवी. पेपर दोन. औषधं, शुश्रूषा, नियम यांचा पहिला पेपर सिस्टर डोळे मिटून सोडवत. घोडं अडायचं दुसऱ्यावर. एक प्रश्न, एक तास, 'आपली बाजू सकारण मांडा.' पहिल्यांदा अडतीस गुण, दुसऱ्यांदा एक्केचाळीस. पास व्हायला पन्नास लागत. संधी तीनच मिळत आणि ही तिसरी.

याच सुमारास खुबा मोडलेले एक सर वॉर्डात आले. तीस वर्षं शिकवलेलं, वीस वर्षं पेपर तपासलेले आणि रुग्ण म्हणून महाखडूस. डाळ पातळ आहे, उशी घट्ट आहे, नर्सच्या चपला वाजतात, एक ना दोन! ते घरी गेल्यावर त्यांच्या पायाचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून तीनदा सिस्टर जाऊ लागल्या. एकदा त्यांनी दुसऱ्या पेपरच्या सरावाचं उत्तर भीतभीत पुढं केलं. सरांनी चष्मा लावला, चारी पानं वाचली आणि शांतपणे विचारलं,

"छान आहे. पण जिंकलं कोण?"

"म्हणजे?"

"अहो, दोन्ही बाजूंची माणसं बोलून गेली. तुम्ही कुठं होतात?"

"मी लिहीत होते ना, सर."

"तेच तर! तुम्ही रुग्णाचा अहवाल लिहिलाय. सकाळी असं झालं, दुपारी तसं झालं, पुढच्या नर्सनं बघून घ्यावं."

सिस्टर ओशाळल्या, पण गप्प बसल्या नाहीत. "आम्हाला शिकवलंच तसं आहे. ड्यूटी बदलताना दिसलं ते सांगायचं, वाटलं ते नाही. ताप चढला म्हणायचं, याचं काही खरं नाही असं म्हणायचं नाही."

"उत्तम शिकवलंय. पण परीक्षक म्हणजे पुढच्या पाळीची नर्स नव्हे. त्याला तुमचं मत हवंय आणि त्यामागचं कारण हवंय. बरं, पाय उचलतो, ओरडू नका."

तिथून शिकवणी सुरू झाली. तिकडे सर पाय वर घेत दहा आकडे मोजायचे, इकडे सिस्टर ऐकायच्या. पहिली दहा मिनिटं उत्तरपत्रिकेला पेन लावायचं नाही. कच्च्या पानावर मधोमध रेघ मारायची, दोन्हीकडचे मुद्दे लिहायचे, प्रत्येकापुढं पुरावा. ज्याला पुरावा नाही तो मुद्दा खोडायचा, कितीही लाडका असला तरी. मग एका वाक्यात आपला दावा. समोरच्याचा सगळ्यात दणकट मुद्दा स्वतःहून मांडायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. शेवटी परिच्छेदांचा क्रम आणि प्रत्येकापुढं मिनिटं.

"दावा इतक्या उशिरा?" सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, आधी बाजू पकडायची."

"आधी पकडलीत की पुरावे तिच्यासाठी वाकवत बसाल. पुरावे म्हणजे माझा पाय नव्हे, रोज थोडा थोडा वाकवायला."

सिस्टरांना हे पटायचं, पण हाताला पटायचं नाही. दिवसभर उभं राहून आल्यावर पानावर रेघ मारायचाही कंटाळा यायचा. 'हो' किंवा 'नाही' पटकन लिहून टाकलं की सुटल्यासारखं वाटायचं.

परीक्षेच्या दिवशी सकाळपाळी बदलून मिळाली नाही. पाळी संपवून, साडी बदलून त्या हॉलमध्ये पोचल्या तेव्हा पायांत गोळे आले होते. प्रश्नपत्रिका हाती आली. 'रुग्णालयाच्या वॉर्डात नातेवाइकांना दिवसभर थांबू द्यावे काय?'

सिस्टरांना हसूच आलं. सव्वीस वर्षं त्या याच मंडळींशी भांडत आल्या होत्या. कच्च्या पानावर त्यांनी सगळ्यात आधी ठळक लिहिलं, 'मुळीच थांबू देऊ नये.' मग सरांची आठवण झाली आणि नाइलाजानं रेघ मारली.

डावीकडं मुद्दे भराभर उतरले. गर्दी, गोंगाट, संसर्ग. पुरावा? एका खाटेवर अकरा पाहुणे डबे उघडून बसले होते, तो किस्सा भारी होता. पण तो गर्दीविरुद्धचा पुरावा, एकट्या नातेवाइकाविरुद्धचा नव्हे. संसर्गाचं तर त्या नुसतं ऐकत आल्या होत्या, डोळ्यासमोर एकही नेमकं उदाहरण येईना. उजवीकडं मात्र उदाहरणं न बोलावता आली. भेटीची वेळ संपल्यावर बायकोला बाहेर काढलं आणि तासाभरात एकटेच उठायला जाऊन पडलेले आजोबा. लेक जवळ असली तरच जेवणारी बाई. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. डाव्या रकान्यात त्यांना पुरावा दिसत नव्हता, स्वतःचे दमलेले पाय दिसत होते. 'मुळीच नको' हे त्या पायांचं मत होतं.

आता बदलायचं? पलीकडची मुलगी दुसऱ्या पानावर पोचली होती. तरी त्यांनी ते ठळक वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'एका रुग्णाजवळ एका नातेवाइकाला दिवसभर थांबू द्यावे.' अन् गंमत पाहा, 'एका' हा शब्द येताच डावीकडची गर्दी आपोआप विरोधी मुद्द्याच्या जागी जाऊन बसली आणि तिचं उत्तरही तिथंच मिळालं. जेवणाचा मुद्दा पहिला, पडण्याचा त्यानंतर, मग विरोधकाला उत्तर. अकरा पाहुण्यांना एकच वाक्य. चौदाव्या मिनिटाला उत्तरपत्रिकेला पेन लागलं.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला त्या अजून गर्दीलाच उत्तर देत होत्या. बोटं आखडली होती. संसर्गावर एक ओळ लिहायचा मोह झाला, पण ठरवल्या क्रमात तिला जागा नव्हती. समारोपाची दोन वाक्यं झाली न झाली, तोच घंटा वाजली. पुन्हा वाचायला वेळ मिळालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी खाटेवरूनच उलटतपासणी घेतली.

"बाजू बदललीत? कितव्या मिनिटाला?"

"बाराव्या."

"कच्च्या पानावर की पक्क्या?"

"कच्च्या."

"मग ठीक. पक्क्यावर बदलली असतीत तर उत्तर मधूनच दुभंगलं असतं. तरीपण दोनच वाक्यांत समारोप? कंजूष!"

"सर, हातात जोर राहिला नव्हता हो."

"हं. चला, पाय घ्या."

दीड महिन्यानं यादी लागली. सिस्टर कामावर होत्या म्हणून लेक बघून आली आणि वॉर्डाच्या दारातूनच ओरडली, "आई, चोपन्न!" तिला गप्प करायला सगळा वॉर्ड धावला आणि सगळ्यात मोठा आवाज गप्प करणाऱ्यांचाच झाला.

सिस्टर जवळच्या स्टुलावर बसल्या. चपला काढून टाचा दाबू लागल्या.

"अगं आई, हस तरी! पास झालीस ना."

"झाले गं. पण दोन्हीकडचं सांगून मोकळं होणं किती सोपं असतं. बाजू घेतली की माणूस फार दमतं."

"मग आता वॉर्डप्रमुख होऊन रोज घ्यावी लागेल की."

सिस्टरांनी हा विचार केलाच नव्हता. त्यांनी लेकीकडं पाहिलं, मग पायांकडं, आणि चपला पुन्हा पायात सरकवल्या. सात नंबरच्या खाटेवरची सलाइनची बाटली संपत आली होती.