निळी नात आणि उस्तादांचा कान

उस्तादांच्या गॅरेजात गाडी आणली की ते बॉनेट उघडायच्या आधी डोळे मिटायचे. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की म्हणायचे, "तुम्ही जरा गप्प बसा, तिला बोलू द्या." मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि अर्ध्या मिनिटात निकाल: "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग." दहातले नऊ निकाल बरोबर निघायचे. दहावा चुकला तर गाडी खोटं बोलली, असं उस्तादांचं म्हणणं.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "अख्ख्या गावाच्या गाड्यांचं ऐकू येतं, माझंच तेवढं ऐकू येत नाही."

बासष्टाव्या वर्षी उस्ताद आजोबा झाले. लेकीला मुलगी झाली. पहिले काही आठवडे ती इतर बाळांसारखीच होती: दूध, झोप आणि लंगोट. मग हळूहळू दूध पिताना मधेच थांबून धापा टाकू लागली. रडली की ओठांवर निळसर छटा चढायची. उस्तादांनी निदान केलं की पोरीला थंडी वाजते. त्यांनी दोन स्वेटर, एक टोपी आणि मोजे असा बंदोबस्त केला. पोर घामाघूम झाली आणि निळी ती निळीच राहिली. हा दहावा निकाल.

लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीसारखी तपासणी केली, हृदयात चार दोष आहेत असं सांगितलं आणि कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. लेक आणि जावई खुर्च्यांत, आजी त्यांच्यामागे आणि उस्ताद टेबलावर इतके वाकलेले, की डॉक्टरीणबाईंना पेन चालवायला जागा उरेना.

"हृदयाची उजवी बाजू अंगभर वापरून आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तिथे त्याला ऑक्सिजन मिळतो. डावी बाजू ते ताजं रक्त अंगभर पाठवते. दोघींच्या मधे भिंत. हिच्या भिंतीला भोक आहे."

"मग डावीकडचं उजवीकडे गळत असेल," उस्ताद म्हणाले.

"नुसतं भोक असतं तर तसंच झालं असतं. पण हिचा फुप्फुसांकडे जाणारा रस्ताही अरुंद आहे. उजव्या बाजूला पुढे ढकलायला जड जातं. मग वापरलेलं रक्त सोपी वाट धरतं, भोकातून निघतं आणि ताज्यात मिसळून अंगात जातं. अंगाला रक्त नेणारी मोठी नळी तर नेमकी भोकाच्या डोक्यावर बसली आहे. ऑक्सिजन नसलेलं रक्त काळपट असतं. ते ओठांत आणि नखांत दिसतं, म्हणून बाळ निळं."

"हे तीन दोष झाले," उस्ताद म्हणाले. "तुम्ही चार म्हणालात."

"रोज जोर लावून लावून उजव्या कप्प्याचा स्नायू जाड झालाय."

"म्हणजे आमची ही सात किलोचीसुद्धा नाही, आणि आतून पैलवान."

जावई पहिल्यांदा जरासा हसला. डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्याची हौस ओळखली आणि आपला स्टेथोस्कोप त्याच्या कानाला लावला. आत खर्र, खर्र, खर्र. अरुंद जागेतून रक्त जोराने जातं त्याचा हा आवाज, असं त्यांनी सांगितलं.

उस्तादांनी तेवढं वाक्य पकडलं आणि बाकीचं मनानेच जोडलं. चाळीस वर्षांचा अनुभव असा, की आवाज म्हणजे बिघाड आणि आवाज गेला म्हणजे गाडी बरी. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "ज्या दिवशी ही खर्रखर्र थांबेल, त्या दिवशी पोर बरी."

तेव्हापासून रोज सकाळी ते नातीच्या छातीला कान लावू लागले. आधी कान तळहातांनी चोळून गरम करायचे, कारण गार कानाने ती रडली असती आणि रडणं घरात बंद होतं. रडली की निळी, म्हणून लेक तिला रात्रंदिवस खांद्यावर घेऊन फिरायची. अख्खं घर चवड्यांवर चालायचं. आवाज मात्र रोज असायचाच. उस्ताद त्याला रोज एक नवी शिवी द्यायचे, तीही हळू आवाजात.

सातव्या महिन्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. तीन दिवस आधी पोरीला वॉर्डात दाखल केलं. वॉर्डाच्या सिस्टर ठेंगण्या, चष्मेवाल्या आणि हुकमी आवाजाच्या. उस्तादांनी पहिल्याच तासात त्यांचं नाव मुकादम ठेवलं. मुकादमबाईंनी पोरीच्या पायाच्या अंगठ्याला लाल दिव्याचा चिमटा लावला. यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उमटला: अठ्ठ्याहत्तर.

"शंभरापैकी?" उस्ताद म्हणाले. "आमच्या खानदानात एवढे मार्क कोणाला पडले नव्हते."

"आजोबा, चेष्टा पुरे. इकडे बघा सगळे." सिस्टरनी पोरीचे गुडघे दुमडून छातीशी नेले. "एकदम काळीनिळी पडली, श्वास भरभर चालला, की असं धरायचं आणि मला हाक मारायची. सकाळच्या वेळी जास्त होतं. आधी हे, प्रश्न नंतर. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले. "प्रश्न नंतर," उस्ताद म्हणाले. ते त्यांना अवघड जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंग पुसण्यासाठी सिस्टरनी चिमटा काढला. पोर रडली, चांगलीच रडली. मग एकाएकी शांत झाली. सिस्टर ओले कपडे घेऊन दाराशी गेल्या, लेक टॉवेल झटकायला वळली. उस्तादांनी कान चोळला आणि नातीच्या छातीवर ठेवला.

खर्रखर्र नव्हती.

त्यांनी श्वास रोखून पुन्हा ऐकलं. अगदी पुसट, नसल्यासारखी. कान तसाच ठेवून त्यांनी बायकोचा पदर ओढला. "अगं, गेला."

"काय गेलं?"

"आवाज गेला. ऑपरेशनच्या आधीच गेला."

आजीचा चेहरा उजळला. पण उस्तादांचा कान अजून छातीवरच होता आणि तो कान चाळीस वर्षांचा होता. खर्रखर्र नव्हती, पण हृदय मात्र सुसाट धावत होतं. श्वासही पळत होता. इंजिन ताणलेलं आणि शिट्टी बंद. हे बऱ्या गाडीचं लक्षण नव्हे. गॅरेजातली हवेची नळी अर्धवट दाबली की सूं करते. पूर्ण दाबली की गप्प होते, आणि मागे कॉम्प्रेसर मात्र गुरगुरत राहतो.

त्यांनी मान उचलली. पोरीचे ओठ दौतीतल्या शाईच्या रंगाचे झाले होते. डोळे वर जात होते.

"सिस्टर, पोरीचा आवाज बंद झालाय," उस्ताद ओरडले आणि प्रश्न न विचारता त्यांनी नातीचे गुडघे दुमडून छातीशी दाबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न मागे ठेवला.

मुकादमबाई एवढ्या वेगाने येतील असं त्यांच्या उंचीकडे बघून वाटलं नसतं. "सोडू नका, असंच धरा. आई, तुम्ही समोर या, तिच्याशी बोला." तोंडाजवळ ऑक्सिजनचा मास्क आला. चिमटा लागला. आकडा एक्केचाळीस. कोणी फोन केला कोण जाणे, डॉक्टरीणबाई धावत आल्या. हाताच्या शिरेतून इंजेक्शन, मग सलाईन, मग दुसरं इंजेक्शन. लेक पोरीच्या कानाशी एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आई इथे आहे, आई इथे आहे." जावई पलंगाचा कठडा धरून उभा होता आणि त्याचा रंगही काही बरा नव्हता.

एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस. बावन्न. पंचावन्नावर आकडा बराच वेळ बसून राहिला. मग त्रेसष्ट. मग एकदम सत्तर.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला, ऐकलं आणि तोच उस्तादांच्या कानाला दिला.

खर्र, खर्र, खर्र.

"आली," उस्ताद म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "आली बया."

"आता सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्या अरुंद वाटेखालचा स्नायू मधूनच आवळतो. मग फुप्फुसांकडे रक्त जवळजवळ जातच नाही. जात नाही म्हणून आवाज नाही. सगळं वापरलेलं रक्त भोकातून अंगात. गुडघे दुमडले की पायांच्या रक्तवाहिन्या दबतात, अंगाकडची वाट जड होते, आणि रक्ताला पुन्हा फुप्फुसांची वाट धरावी लागते. तुम्ही ज्याला शिव्या देता ना, तो आवाज म्हणजे रक्त पोचतंय याची खूण."

"मी इतके महिने चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या," उस्ताद म्हणाले.

"पण आज बरोबर हाक मारलीत," मुकादमबाई म्हणाल्या. एवढं कौतुक त्यांनी वर्षभरात कोणाचं केलं नव्हतं, हे वॉर्डातल्या आयाबाईंनी नंतर सांगितलं.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरलं. सर्जन हाताची बोटं मोजून बोलणारा गृहस्थ होता. "भिंतीचं भोक ठिगळ लावून बंद करणार. वाढलेला स्नायू कापून काढणार. अरुंद वाट उघडून तिलाही ठिगळ लावून रुंद करणार. तेवढा वेळ हृदय थांबवणार. रक्ताला ऑक्सिजन देऊन फिरवायचं काम यंत्र करेल."

"आम्हीही इंजिन बंद करूनच काम करतो," उस्ताद म्हणाले. "पण तेव्हा आमची गाडी उभी असते."

"आमची धावत असते," सर्जन म्हणाला, आणि दाराआड गेला.

पाच तास उस्तादांनी बाकावर बसून काढले असं म्हणता येणार नाही, कारण ते बसलेच नाहीत. त्यांनी दारवानाला भिंतीचं भोक समजावलं. चहावाल्याला अरुंद वाट समजावली. पाय मोडलेल्या नातेवाइकाला भेटायला आलेल्या, वाट चुकलेल्या एका बाईंना चारही दोष चित्र काढून दाखवले. बाईंनी ऐकून घेतलं आणि पाय मोडलेला माणूस विसरून त्या दार उघडायची वाट बघत तिथेच बसल्या.

दार उघडलं. सर्जनने मास्क खाली केला. "हृदय आपलं आपण चालू झालंय. वाट मोकळी आहे. त्या वाटेतली झडप थोडी गळेल, म्हणून तपासणीला मात्र जन्मभर यायचं."

"जन्मभर," आजीने तेवढाच शब्द उचलला. तिला तो फार आवडला.

अतिदक्षता विभागात एकेकालाच सोडत होते. आधी लेक गेली. बाहेर आली ती स्वतःची गुलाबी नखं दाखवू लागली. "बाबा, अशी," ती म्हणाली. "माझ्यासारखी."

सहाव्या दिवशी पोर वॉर्डात परतली. छातीवर पट्टी, अंगठ्याला चिमटा, आकडा सत्त्याण्णव. दुधाची बाटली एका दमात संपली आणि रिकामी बाटली कोणीतरी ओढून घेतली याचा तिला भयंकर राग आला. तिने तोंड उघडलं आणि भोंगा सुरू केला.

लेक सवयीने झेपावली. जावई झेपावला. आजीने दोघांचे हात धरले.

पोर रडत होती. मुठी आवळून, पाय झाडून, सगळा वॉर्ड डोक्यावर घेऊन. चेहरा लाल झाला, मग आणखी लाल, आणि ओठ गुलाबीच राहिले. मिनिट झालं. कोणी हललं नाही. मुकादमबाई दारात आल्या, चष्म्यावरून बघितलं.

"तिला कोणी घेत का नाही? बाकीची बाळं उठतील."

"घेतो, सिस्टर," उस्ताद म्हणाले. "जरा थांबा. आणखी थोडं रडू द्या."