सिस्टरांची पिवळी बाटली

बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नोकरी केली म्हणून अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. निवृत्त झाल्या, गुडघे गेले, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नाही. गल्लीतल्या अकरा घरी टँकरचं पाणी यायचं आणि ते कसं वापरायचं हे सिस्टर ठरवायच्या. टाकी दर सहा महिन्यांनी धुवायची. ब्लिचिंग पावडर सरळ टाकीत फेकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं ओतायचं. अर्ध्या तासानं छोट्या बाटलीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, वापरा. पांढरं राहिलं, रंगच चढला नाही, तर क्लोरीन घाणीत संपलं, तोंडात घालू नका. सगळं बरोबर होतं हो. बाईंचं ज्ञान खोटं नव्हतंच.

एका आठवड्यात नातीला जुलाब लागले. चार वर्षांचं पोर दोन दिवसांत कोमेजलं. सिस्टरांनी अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीतून तांब्याभर पाणी काढायला लावलं, थेंब टाकले. पांढरं. पावडरचं पाणी पुन्हा ओतलं, अर्धा तास थांबल्या. तरी पांढरंच.

दुसऱ्या दिवशी टँकरवाला आला तेव्हा सिस्टर फाटकात उभ्या होत्या. सहा वर्षं हाच माणूस पाणी आणत होता.

"गटारातून भरतोस का रे? माझी नात अंथरुणाला खिळली तुझ्या पाण्यानं."

"सिस्टर, पाणी क्लोरीन घालूनच आणतो. नमुना पाइपातून घ्या ना. टाकीत पडायच्या आधी."

"मला शिकवतोस? तुझ्या जन्माआधीपासून तपासण्या करतेय मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. खरं म्हणजे रस्त्यावर जाऊन पाइपाशी वाकायचं, तर गुडघे नको म्हणत होते, पण ते कोण कबूल करणार? गल्ली खिडक्यांत जमली होती. अकराच्या अकरा घरांनी त्याचं पाणी बंद केलं. त्यानं पाइप गुंडाळला आणि तो गेला.

नात औषधानं बरी झाली. नवा टँकरवाला आला तेव्हा सिस्टर अंघोळीला गेल्या होत्या, म्हणून सुनेनं नमुना घेतला, तोही थेट पाइपातून. छान पिवळा. टँकर रिकामा झाल्यावर सिस्टरांनी टाकीतल्या पाण्यात थेंब टाकून पाहिले. पांढरं.

सून दोन्ही बाटल्या हातात धरून उभी राहिली. एक पिवळी, एक पांढरी.

मुलानं टाकीचं झाकण उघडलं, टॉर्च मारला, काठी घातली. तळाला चार बोटं गाळ. टँकरची धार पडली की तो सगळा वर उठायचा आणि घातलेला क्लोरीन गिळून बसायचा.

"आई, शेवटची कधी धुतली होती?"

दोन वर्षं झाली होती. गुडघ्यांचं निमित्त, मग कंटाळा, मग 'आपली स्वच्छच असते' ही घमेंड. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. गल्लीला शहाणपण शिकवणाऱ्या बाईच्या घरची घाण तिच्याच नातीच्या पोटात गेली होती, आणि फाशी दिली होती संन्याशाला. सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी जेवणाचं ताट तसंच परत गेलं.

मुलानं टाकी उपसून घेतली. झाकण दिवसभर उघडं टाकून वारं खेळू दिलं, मगच माणूस उतरवून घासून घेतली. सिस्टरांनी टँकरवाल्याला फोन केला.

"चूक माझी होती. टाकी आमची घाण होती."

"कधी आणू पाणी?" एवढंच त्यानं विचारलं.

सकाळी टँकर फाटकाशी लागला. सिस्टर पुढे झाल्या आणि घाईघाईनं म्हणाल्या, "सोड रे पाणी. तुझं काय तपासायचं? विश्वास आहे माझा."

"नाही, सिस्टर. तपासा."

"अरे, मला आणखी लाजवू नकोस."

"तुम्ही तपासलं नाही तर गल्लीच्या लेखी मी घाणच राहिलो ना?"

त्यानं थोडं पाणी रस्त्यावर सोडून दिलं आणि पाइपाचं तोंड त्यांच्यापुढे धरलं. खिडक्या हळूहळू उघडायला लागल्या. सिस्टर फाटकाला धरून वाकल्या, गुडघ्यातून कळ निघाली. बाटली भरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

"चांगलं आहे," त्या पुटपुटल्या.

"त्या दिवशी बोललात तेवढ्या आवाजात सांगा," तो म्हणाला.

सिस्टर सरळ झाल्या. बाटली वर धरली, गल्लीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "याचं पाणी चांगलंच होतं. घाण माझ्या घरात होती."

टँकरवाल्यानं पाइप टाकीत सोडला.