लाइव्हवर नसलेला रकाना

आमचं ऑफिस बीडमध्ये, एका मोबाइलच्या दुकानाच्या वर आहे. चार माणसं, एक कूलर, आणि जिन्यात कायम कुणाची तरी चप्पल आडवी पडलेली. पुण्याला असतो तर स्वतःला कंपनी म्हणवून घेतलं असतं, इथं लोक ‘ते कंप्युटरवाले’ म्हणतात. माझं काम तपासण्याचं. दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट चालतं का ते बघायचं, नाही चाललं की भांडायचं. भांडणाचा भाग मला आधीपासून बरा जमतो.

शिरूर कासारकडच्या एका संस्थेचं काम आमच्याकडे होतं. दसरा-दिवाळी झाली की तिकडची निम्मी गावं ऊसतोडीला निघतात. आईबाप उसाच्या फडावर गेले तरी लेकरांची शाळा सुटू नये म्हणून ही संस्था हंगामी वसतिगृहं चालवते. कोणतं लेकरू कुठल्या वसतिगृहात, किती जागा उरल्या, आईबाप कुठल्या कारखान्यावर, हे सगळं आमच्या प्रणालीत असायचं.

त्या वर्षी संस्थेनं एक रकाना वाढवून मागितला. लेकराला न्यायला कोण येऊ शकतं, त्याचं नाव आणि फोटो. मागणी साधी, पण कारण साधं नव्हतं. आदल्या हंगामात मामा म्हणून आलेल्या एका माणसाबरोबर एक मुलगी गेली, आणि नंतर दिसली ती गळ्यात मंगळसूत्र घालून. नववीतली पोर. सगळा दोष वसतिगृहाच्या बाईंवर आला. त्या स्वतः शिरूरच्याच, ऊसतोडणी करणाऱ्याच्या घरातल्या. आपण त्या मुलीला हातानं पाठवलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. म्हणून संस्थेनं ठरवलं की ही नोंद संगणकात झाल्याशिवाय यापुढे एकही लेकरू आत घ्यायचं नाही.

नवा रकाना आमच्यातल्या धाकट्या मुलीनं केला, मी तपासला. टेस्टवर, म्हणजे आमच्या सरावाच्या डेटाबेसवर, सगळं झकास चाललं. ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागायच्या आत ते लाइव्हवर, म्हणजे खऱ्या डेटाबेसवर, जायला हवं होतं. ज्या सकाळी ते गेलं, त्याच सकाळी बाईंना दाखवायला मी वसतिगृहात जाऊन बसले होते.

अंगणात पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, तेलाच्या बरण्या. आया लेकरांच्या वेण्या घालत होत्या, बाप उगाचच इकडं-तिकडं बघत उभे होते. रांगेत पहिली होती सातवीतली एक मुलगी. आदल्या दोन्ही हंगामांत ती इथंच राहिलेली, त्यामुळे नोंद व्हायच्या आधीच आत जाऊन खिडकीजवळची खाट धरून आली होती. दप्तर खाटेवर, टॉवेल खिळ्याला. परत येऊन आईशेजारी उभी राहिली ती घरमालकिणीच्या थाटात.

मी तिचं नाव उघडलं आणि पडद्यावर लाल पट्टी आली. असा रकाना अस्तित्वात नाही.

परत उघडलं, परत तेच. दुसऱ्या मुलाचं नाव, तेच. जागा किती शिल्लक आहेत ते पान, तेही बंद. लेकरांची माहिती जिथून जिथून यायची ते सगळंच आडवं झालं होतं. मी ऑफिसला फोन लावला. आमच्यातले थोरले, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यांनी उचलला.

“दादा, रकाना नाही म्हणतंय.”

“आसं कसं? टेस्टवर हाय की.”

“टेस्टवर लेकरं न्हाईत, दादा. लेकरं इथं उभी हायत.”

“थांब, बघतो.”

‘बघतो’ या शब्दाचा मला फार राग आहे. बघतो म्हणणारा माणूस नेमकं कुठं बघतो, हे त्यालाच ठाऊक नसतं. दादांनी आधी सर्व्हर बंद करून चालू केला. मग धाकट्या मुलीचं लिखाण ओळ-ओळ वाचायला घेतलं. तिची चूकच नव्हती, पण ती बिचारी रडकुंडीला आली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मध्ये एकदा दादा म्हणाले, जुनं परत टाकू का, निदान पानं तरी उघडतील. मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, “त्या नोंदीबिगर म्या लेकरू घेत न्हाई.”

एवढ्यात रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. त्या मुलीच्या आईबापाची टोळी भरून तयार होती. मुकादमानं ट्रकच्या चाकापुढं नारळ फोडला तो आवाजही आम्हाला ऐकू आला. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस, आणि एकदा त्याचा नारळ फुटला की गाडी कुणासाठी थांबत नाही.

मी बाईंना बाजूला घेतलं. “कागदावर लिहून घ्या ना. सही घ्या, फोटो माझ्या मोबाइलवर काढते. थोड्या वेळानं मी स्वतः भरीन.”

“न्हाई.”

“अहो, पोरगी तुमचीच आहे. दोन वर्षं तुम्ही तिला जेवू घातलंय.”

“ती बी माझीच व्हती,” बाई म्हणाल्या. “तवाबी म्या कागदावर सही घेतलती.”

मला बाईंचा संताप आला होता, आणि त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं हेही कळत होतं. दोन्ही एकदमच.

मुलगी माझ्याजवळ येऊन पडद्यात डोकावली. “ताई, कधी चालू व्हईल?”

“आत्ता होईल.”

“आत्ता म्हंजी?”

मी तिचं नाव परत उघडलं, परत लाल पट्टी. हॉर्न पुन्हा वाजला, आणि या वेळी थांबलाच नाही. तिच्या बापानं बाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, खाली वाकून त्यानं पेटी उचलली. आई म्हणाली, “जा, दप्तर आन.” मुलगी आत गेली. टॉवेल खिळ्यावरून काढताना तिनं आधी त्याची नीट घडी केली, मग तो दप्तरात भरला. रडली नाही. ती रडेल म्हणून मी तयारी करून उभी होते, आणि ती न रडल्यामुळे मलाच कुठं बघावं ते समजेना. ट्रकच्या मागच्या फळीवरून बापानं तिला वर ओढून घेतलं.

ट्रक दिसेनासा झाला आणि जरा वेळानं दादांचा फोन आला. घोडं कुठं पेंड खात होतं ते सापडलं होतं.

आमच्याकडे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची एक फाइल असते आणि तिला ओळीनं क्रमांक असतो. एक छोटी स्क्रिप्ट डेटाबेसला विचारते, तुझ्यावर कितव्या क्रमांकापर्यंत बदल झालेत? पुढचे राहिलेले असतील तर चालवते, नसतील तर गप्प बसते. काही दिवसांपूर्वी लाइव्हवर एक तातडीची दुरुस्ती लागली होती. दादांनी पुढचा क्रमांक देऊन ती फाइल थेट लाइव्हवरच चालवली, आणि सगळ्यांच्या फायलींत ठेवायची राहून गेली. टेस्टला तिचा पत्ताच नव्हता. धाकट्या मुलीनं नवा रकाना केला तेव्हा तिच्या हिशेबानं तोच क्रमांक मोकळा होता. टेस्टवर तो चालला. लाइव्हवर स्क्रिप्टनं क्रमांक पाहिला, हा झालेला आहे म्हणाली, आणि रकाना न करताच ‘सर्व बदल पूर्ण’ असं छापून मोकळी झाली. फाइलीच्या आत काय आहे ते ती बघतच नव्हती. क्रमांक जुळला की तिचं समाधान.

दादांनी फाइलीला नवा क्रमांक दिला आणि परत चालवली. एका ओळीचा बदल. पानं उघडली. मी सगळ्यात आधी त्याच मुलीचं नाव उघडलं. नवा रकाना होता, रिकामा.

मी बापाला फोन लावला, बंद. मग मुकादमाला लावला.

“भाऊ, चालू झालं. गाडी थांबवा, मी संस्थेची जीप घेऊन येते, पोरीला घेऊन जाते.”

“नारळ फुटलाय बाई. निघालेली गाडी मधी थांबवीत न्हाईत.”

“पाच मिनिटं थांबायचं हो!”

“अन् फडावर काई इपरीत झालं तर समदे कोयते माझ्याच उरावर बसतील.” कोयते म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, तोडणीत माणसं अशीच मोजतात आणि मजुरीही तशीच ठरते, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मग थोडा नरमून म्हणाला, “घ्या, तिच्या बापाशी बोला.”

बापाचा आवाज वाऱ्यात तुटत होता. “ऱ्हाऊ द्या ताई. आता बसलीया ती. तिच्या आईला बी हाताखाली कुनी लागतंच. म्होरल्या साली बगू.”

मी खूप बोलले. त्यातलं त्याला किती ऐकू गेलं कुणास ठाऊक.

बाकी टोळ्यांच्या गाड्या उशिरा निघायच्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी बाकी सगळ्या लेकरांच्या नोंदी झाल्या. खिडकीजवळची खाट दुसऱ्या मुलीला मिळाली. सगळं आटोपल्यावर बाई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, “म्या घ्यायला पायजे व्हतं का?” मी म्हटलं, नाही. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं.

ऑफिसात दादा टेबलावर डबा तसाच ठेवून बसले होते. एरवी मी त्यांना सोललं असतं. धाकटी मुलगी सारखी विचारत होती, “ती गेली का हो?” नंतर आम्ही स्क्रिप्ट बदलली. आता ती फाइलीचं नाव आणि आतला मजकूरही ताडून बघते, आणि नवं काही टाकण्याआधी लाइव्हची रचना टेस्टशी जुळते का ते आम्ही पाहतो. शहाणपण आलं. आमच्याकडे शहाणपण नेहमी गाडी गेल्यावरच येतं.

हंगाम संपून टोळ्या परतल्या तसं मला राहवेना. मी त्या मुलीच्या गावी गेले. ती घरापुढं भांडी घासत होती. रापली होती, उंचही वाढली होती. मला पाहून हसली, हात धुतले, बसायला पोतं टाकलं.

मी म्हटलं, आता सगळं नीट चालू आहे. पुढच्या हंगामात पहिली नोंद तुझीच करू, मी स्वतः येऊन बसेन, सातवीचं बुडालेलं शाळेशी बोलून भरून काढता येईल. ती शांतपणे ऐकत होती. मोठ्या बाया पाहुण्यांचं ऐकतात तशी.

“ताई,” मी थांबल्यावर ती म्हणाली, “मला मोळी बांधता येती आता.”

मला वाटलं ती तक्रार करतेय. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तक्रार नव्हती. तिनं दोन्ही हात पुढं करून वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, दोरीसारखं कसं पिळायचं, त्यानं ऊस कसा आवळायचा ते मला करून दाखवलं, आणि म्हणाली, “मुकादम म्हनला, आईपरीस लई घट्ट बांधती. म्होरल्या साली मला अर्धा कोयता धरनार हाय.”

तिला खूप अभिमान वाटत होता. तो खोटा आहे असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार? मी “छान” म्हटलं, तिच्या आईनं केलेला चहा प्यायले आणि निघाले.