छातीएवढी दांडी

रोज सकाळी गाडा बाहेर काढण्याआधी मुसेंबी त्याच्या आडव्या दांडीला पोट टेकवून बघायचा. दांडी बेंबीच्या खाली भरली, की तो निघायचा. नैरोबीच्या भाजीबाजारात त्याने बावीस वर्षं बटाट्याची पोती ओढली, ती टाचेपासून डोक्यापर्यंत एका रेघेत झुकून. इतका, की गाडा अचानक सुटला तर तोंडावरच पडेल.

मदतीला आलेल्या एका संस्थेला हे झुकणं बघवेना. त्यांनी नवा लोखंडी गाडा घडवून आणला, छातीएवढ्या दांडीचा. "आता कुणापुढे वाकायचं नाही, काका," संस्थेच्या मोराआ मॅडम म्हणाल्या. हा गाडा भरून चढ चढला, तर जुने लाकडी गाडे बाजारात बंद होणार होते. ओढायला निवडला मुसेंबी, कारण तोच सगळ्यांत अनुभवी.

"बरं झालं," त्याच्या रांगेतला गाडेवाला ओतुंडो कुजबुजला. "फक्त वर नेऊ नका म्हणजे झालं. सगळ्यांचे गाडे वाचतील."

"अरे, हे धूड न्यायचं म्हटलं तरी जाणार आहे का?" मुसेंबी म्हणाला.

फोटोत छान दिसावीत म्हणून पोती मागच्या कडेला उंच रचली होती. चढ लागला तसा भार मागे कलला, दांडी वर उठली आणि मुसेंबीच्या टाचा अधांतरी झाल्या. मॅडमनी सांगितलं तसा तो ताठ उभा राहून रेटू लागला, तर दांडी त्यालाच छातीशी धरून मागे लोटू लागली. कोबीच्या ओल्या पाल्यावर बूट सरकले. गाडा हातभर मागे आला. सगळं मनासारखं चाललं होतं.

तेवढ्यात टोमॅटोवाल्या खिदळल्या. "काकांचे गुडघे गेले गं! त्यांनाच आता पोत्यांवर बसवा!"

मुसेंबीने चाकाखाली दगड लावला. मागची दोन पोती पुढे आणून टाकली. आता गाड्यापासून दांडीपर्यंत तिरके चढत आलेले बाजूचे दांडे खाली दाबू लागले. ते उचलून धरताना तो भार त्याच्या पायांत उतरला आणि बुटांनी जमीन धरली. छातीवरची दांडी सोडून तो मागे सरला, ते दांडे जिथे कमरेएवढे होते तिथे धरले, आणि झुकला. ओतुंडोने दगड काढला. दुसरं काय करणार? गाडा एका दमात वर गेला.

टाळ्या झाल्या. ताठ कण्याच्या कामाची चाचणी यशस्वी, असं मॅडमनी लिहून घेतलं. फोटोत मुसेंबीचा चेहरा आलाच नाही, फक्त पाठ.

"कशाला नेलंत वर?" ओतुंडोने विचारलं.

"हसत होत्या रे."

पुढच्या आठवड्यात लाकडी गाडे मोडले. फळ्या सरपणाच्या भावात गेल्या. मुसेंबी न्जेरीच्या चहाच्या टपरीवर बसला होता, तेव्हा ती त्याच्याच गाड्याची फळी चुलीत सारत होती. त्याने ती ओळखली.

"साखर जरा जास्त घाल," तो म्हणाला, "आज फेऱ्या खूप आहेत."