संबोधनाचा कॉलम

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि कागदोपत्री अजून 'कुमारी' आहे. तोंडावर मला कोणी कुमारी म्हणत नाही, तेवढी लाज लोकांना असते. कागदाला ती नसते. फॉर्म भरताना नावाच्या आधी एक चौकट येते आणि तिच्यात बाईने सांगायचं असतं की तिचं लग्न झालंय का, झालं असेल तर नवरा आहे का, नसेल तर गेला कधी. पुरुषाला सगळीकडे 'श्री.'. तो बोहल्यावर चढो नाहीतर बायकोला जाळून येवो, त्याचा श्री. हलत नाही. या गोष्टीचा मला पहिल्यापासून राग आहे आणि तो वयाबरोबर कमी झालेला नाही.

मेहकरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर सेंटर आहे. ऑनलाइन फॉर्म, टायपिंग, लॅमिनेशन आणि प्रमाणपत्रं. प्रमाणपत्रांच्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. लोकांना वाटतं की मी शंभर नावं शंभर वेळा टाइप करते. तसं नसतं. वर्डमध्ये प्रमाणपत्राचा एकच नमुना करायचा. नाव, गाव, विषय जिथे यायचं तिथे एक्सेलच्या यादीतल्या त्या त्या कॉलमची खूण बसवायची. मग यादीतल्या एकेका ओळीचं एकेक प्रमाणपत्र आपोआप तयार होतं. नुसतं एवढंच केलं तर सगळ्यांची मिळून एक लांबलचक पीडीएफ होते. प्रत्येकीची वेगळी फाइल हवी असेल तर छोटा मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणारा हुकूम, लागतो, तो मी करून ठेवलाय. सुरुवातीला मी फाइलला फक्त नाव द्यायची. एकदा यादीत एकाच नावाच्या दोघी निघाल्या, दुसरीची फाइल पहिलीवर जाऊन बसली आणि पहिली बाई कोरडीच घरी गेली. तेव्हापासून फाइलच्या नावात आधी अनुक्रमांक.

तर एका संस्थेने शिवणकाम आणि मशीन दुरुस्तीचं प्रशिक्षण दिलं. साखरखेर्डा आणि आजूबाजूच्या गावांतल्या एकशे बारा बाया. संस्थेच्या समन्वयक सरांनी मला यादी पाठवली आणि नावं तपासून घ्या म्हणून तीच बायांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकली. पहिला कॉलम अनुक्रमांक, दुसरा संबोधन, तिसरा नाव. संबोधनात सौ., सौ., कु., सौ., गं. भा., सौ. अशी रांग.

दुसऱ्या दिवशी दुपारी साखरखेर्ड्याच्या बसने एक बाई आली. तिशी-बत्तिशीची असेल. पाणी दिलं तर घेतलं नाही, उभ्यानेच मोबाइल माझ्यापुढे धरला. यादीतली तिची ओळ तिने मोठी करून ठेवली होती.

"मॅडम, हे नावाच्या पुढचं काढता येत नाही का?"

तिच्या नावाआधी 'गं. भा.' होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, असं ती म्हणाली. गावात बाजाराच्या रस्त्यावर तिने एक गाळा घेतला होता. मशीनचं टायमिंग बसवणं, शटल उघडून साफ करणं, सगळं ती शिकली होती; बाकीच्या बाया अडल्या की शिकवणाऱ्या मास्तरांऐवजी हिलाच हाक मारायच्या, हे मला नंतर कळलं. प्रमाणपत्र लॅमिनेट करून दुकानात लावायचं तिच्या मनात होतं.

"लग्नाचे ब्लाउज मिळाले तं दुकान चालते, मॅडम. अन् नवरीची माय दुकानात आली की पहिले भितीवर पाहीन. तिथं हे लिहेल दिसलं तं कापड घेऊन वापस जाईन. तोंडानं काही म्हणणार नाई, पण जाईन."

मी विचारलं, गावाला तर माहीतच आहे ना?

"माहीत आहे ते आहे. पण म्यानंच फ्रेम करून काऊन सांगू?"

मी तिला म्हटलं, जा, नाही येणार. मला कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. नमुना उघडला, नावाआधीची संबोधनाची खूण पुसली आणि एकशे बारा पीडीएफ काढून सरांना पाठवल्या. कोणाच्याच नावाआधी काही नाही. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी सरांचा फोन. "मॅडम, संबोधन राह्यलं तुमचं."

"राहिलं नाही, काढलं."

"असं कसं काढलं? वरून फॉरमॅट आहे आपल्याले. विधवा लाभार्थी किती, ते दाखवा लागते."

"यादीत दाखवा ना. मोजायलाच कॉलम आहे तो. भिंतीवर काऊन दाखवता?"

सर वाईट माणूस नव्हते. बायांसाठी गावोगाव उन्हातान्हात मोटरसायकल फिरवायचे. पण फॉरमॅट म्हटलं की त्यांचं डोकं चालायचं बंद व्हायचं. संबोधनाची जागा भरलेलीच पाहिजे, रिकामी चालणार नाही, असं ते तीनदा म्हणाले आणि फोन ठेवला.

भरलेली पाहिजे ना? घ्या. मी यादीत संबोधनाच्या पहिल्या चौकटीत 'श्रीमती' टाइप केलं, चौकटीच्या कोपऱ्यावर दोनदा क्लिक केलं आणि ते खालपर्यंत एकशे बारा ओळींत उतरलं. नमुन्यात खूण परत बसवली आणि पीडीएफ पुन्हा पाठवल्या. सगळ्या श्रीमती, कोणी वर नाही, कोणी खाली नाही. सरांनी फाइली न उघडताच ग्रुपवर ढकलल्या.

सकाळी मी शटर वर करते तर समोर सात-आठ बाया आणि त्यातल्या एकीची सासू.

"काऊन व माय," सासूने सुरुवात केली, "माह्या पोराले जितेपणीच मारलं का तुमी?"

मी समजावायला गेले. श्रीमती म्हणजे कोणतीही बाई, दिल्ली-मुंबईकडे सगळ्यांनाच म्हणतात, वगैरे.

"दिल्लीले म्हणत असतीन. आमच्या इकडं नवरा मेल्यावर म्हणतात!" एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, "माह्यं सौ. तुमी काऊन काढलं? मले विचारलं का?" आणि मागून कोणीतरी, हळू पण मला ऐकू येईल असं, "त्याइचं काय जाते? त्या तं कुमारी."

ते लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. पण त्याहून जास्त लागलं ते 'मले विचारलं का' हे. सरांनी विचारलं नव्हतं म्हणून मी त्यांच्यावर तणतणत होते आणि मी तरी काय वेगळं केलं होतं? एका बाईचं ऐकलं आणि एकशे अकरा जणींना न विचारता आपला राग त्यांच्या नावापुढे छापून मोकळी झाले. करायला गेले गणपती, झालं माकड.

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि चूक माझी आहे असं सांगितलं. सासूने चहा घेतला, माफी घेतली नाही.

मग मी संबोधनाचा कॉलम पूर्ण रिकामा केला. यादीची प्रिंट घेतली आणि साखरखेर्ड्याला प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये जाऊन बसले. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावापुढे काय पाहिजे ते लिहायचं. नको असेल तर सोडून द्यायचं, आणि शेवटी सही करायची. बहुतेकींनी सौ. लिहिलं आणि ठासून लिहिलं. दोन पोरींनी कु. लिहून खोडलं. साठीच्या एका बाईने 'गं. भा.' लिहिलं. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "माह्या मालकाच्या मागं तेवढंच राह्यलं माह्याजवळ. मी लावतो." मी कागद पुढच्या बाईकडे सरकवला.

आणि ती, गाळेवाली, पेन घेऊन थोडा वेळ थांबली. मग पेन खाली ठेवलं.

"रिकामं ठेवू?" मी विचारलं.

"हाव. रिकामं."

रिकाम्या चौकटीचा एक त्रास असतो. संबोधन आणि नाव यांच्यामध्ये नमुन्यात एक जागा सोडलेली असते. संबोधन नसलं तरी ती जागा येते आणि मधोमध असायला हवं ते नाव किंचित सरकतं. पाहणाऱ्याला वाटतं की इथून काहीतरी गळून पडलंय. तिच्या कागदावर मला तसं नको होतं. म्हणून यादीतच एक नवा कॉलम केला, दोन्ही जोडून जास्तीची जागा छाटून टाकणारं सूत्र त्यात घातलं, आणि नमुन्यात एकच खूण बसवली. तिचं नाव बरोबर मधोमध आलं. पट्टी लावून पाहिलं मी.

सरांना आधीच सांगितलं की या वेळी बायांनी स्वतः भरलंय, सह्यांसकट यादी माझ्याजवळ आहे, बदलायचं असेल तर एकेकीला तुम्ही विचारा. त्यांनी सह्या किती झाल्या ते विचारलं. मग म्हणाले, "छापा."

कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. पाहुण्या म्हणून गावच्या शाळेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या. मी टेबलापाशी उभी राहून क्रमाने एकेक प्रमाणपत्र त्यांच्या हातात देत होते, आणि सर माइकवर नावं पुकारत होते. त्यांच्या हातात त्यांची जुनी यादी होती, हे माझ्या पंधरा-वीस नावांनंतर लक्षात आलं. सवयीने आणली असेल. पण आणली होती.

तिचा नंबर आला. सरांनी पुकारलं, "गं. भा." आणि तिचं नाव.

ती तिसऱ्या रांगेत बसली होती. उठली नाही.

सरांनी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने, तसंच. रांगेतल्या बाया माना वळवून तिच्याकडे पाहू लागल्या. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं. ती समोर पाहत राहिली, हात मांडीवर, पाठ ताठ. पाचव्या मिनिटाला सगळं विसरून बाया चिवड्याकडे वळतील आणि हिचा कागद माझ्या टेबलावर पडून राहील, असं मला वाटलं.

"गैरहजर दिसतात," सर म्हणाले. "पुढचं द्या, मॅडम."

मी पुढचं दिलं नाही. तिचंच धरून उभी राहिले. "सर, कागदावर आहे तसं वाचा."

"यादीत तं..."

"यादी ठेवा. कागद वाचा."

मुख्याध्यापिका बाईंनी माझ्या हातातून प्रमाणपत्र घेतलं, चष्मा सारखा केला आणि माइककडे वाकून नुसतं नाव वाचलं. तिचं नाव, आडनाव, बस.

ती उठली. घाई न करता रांगेतून बाहेर आली, स्टेजच्या दोन पायऱ्या चढली, कागद दोन्ही हातांनी घेतला. खाली उतरण्याआधी सरांपुढे थांबली. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्या हॉलने ऐकलं.

"हजर होती सर मी. पहिल्यापासून."